माणिकच्या नावाचं शेपूट

माझं नाव किरण आणि माझ्या यजमानांचं नाव रश्मी. आमची लग्नपत्रिका सांगलीला पोचली तेव्हा मावशीने ती दोनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि आईला हळूच विचारलं, की यातला नवरा कुठला. कटकमध्ये मात्र तीच पत्रिका वाचून कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. तिथे नाव पूर्ण छापलं होतं: रश्मिरंजन महापात्र. इकडे ओडिशात रश्मीपुढे 'रंजन' आलं की पुरुष आणि 'रेखा' आली की बाई, हे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं. नुसतं 'रश्मी' म्हणजे चहाच्या आधीची बशी. तिच्यात काय येणार ते अजून ठरायचं असतं.

तेव्हापासून आजवर नावांच्या बाबतीत मला साहीत कोणी हरवलेलं नाही. साही म्हणजे आमची गल्ली. साहीतले लोक मला आजही प्रेमाने 'बर्गी बहू' म्हणतात, कारण मराठे बर्गी म्हणून इथे घोड्यावरून आले, लुटून गेले आणि मी एकटी तेवढी राहिले. पण नाव कानावर पडलं की ते बाईचं की बाप्याचं, कुठल्या मुलखातलं, साधारण कुठल्या पिढीतलं हे मी सांगते, आणि ते बरोबर निघतं. हा गर्व नाही. जे आहे ते आहे.

आता प्रकरणाकडे येते. माझी सून इतिश्री सात महिन्यांची गरोदर होती. गच्चीवर आम्ही दोघी उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालत होतो. मला ती 'बोऊ' म्हणते, म्हणजे आई. बडी घालता घालता ती मान वर न करता म्हणाली, "बोऊ, बाळाचं नाव आधीच ठरवू या. मुलगा असो, मुलगी असो, तेच ठेवायचं. जन्मल्यावर बदलायचं नाही."

मी म्हटलं, एवढी काय घाई आहे.

"माझ्या वेळी नाव ठरलेलं होतं. मुलाचं. मी झाले आणि बापांनी ते परत ठेवून दिलं."

तिला तीन मोठ्या बहिणी आहेत. चौथी मुलगी झाल्यावर बापाने तिचं नाव इतिश्री ठेवलं. इतिश्री म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. ओडिशात हे नाव पुष्कळ मुलींना असतं, गोड लागतं, आणि सगळ्याच आईबापांच्या मनात तसं काही असतं असंही नाही. हिच्या बापाच्या मनात मात्र होतं. पीठ माझ्या बोटांवर वाळून गेलं. मी तिथल्या तिथे शब्द दिला: नाव आधी ठरेल, साऱ्या साहीला सांगितलं जाईल आणि बाळ काहीही झालं तरी एका अक्षराने हलणार नाही. त्यात काय एवढं, एक नावच तर शोधायचं होतं.

रश्मीबाबू म्हणाले, "मग किरण ठेव. दोघांना चालतं."

घरात एक किरण पुरेशी आहे असं मी सांगितलं, आणि ते इतक्या पटकन 'खरं आहे' म्हणाले की मला ते आवडलं नाही.

कामाला लागल्यावर लक्षात आलं की माझी विद्या उलट्या दिशेने चालवायची आहे. नाव ऐकून बाई की बाप्या ओळखणं वेगळं आणि कोणालाच ओळखता येऊ नये असं नाव काढणं वेगळं. पहिली परीक्षा कानाची. मराठी कानाला शेवटी 'आ' किंवा 'ई' आली की मुलगी वाटते आणि अकारान्त आलं की मुलगा. ही परीक्षा कटकमध्ये पहिल्याच पावलावर आपटते, कारण इथे ज्योतिरंजन, स्मृतिरंजन, दीप्तिरंजन अशी मिशीवाली माणसं दिवसभर 'ज्योती', 'स्मृती', 'दीप्ती' म्हणून वावरत असतात. आमच्या घरचे दिवे दुरुस्त करायला येतो तो गौरी. गौरीशंकर. देवीचं नाव पुढे, देवाचं मागे, आणि मधे पाना घेतलेला माणूस. बरं, अकारान्तावर तरी भरवसा ठेवावा, तर माझ्या आईच्या पिढीत सांगलीत आमच्या आळीतच तीन कमल होत्या, तिन्ही नऊवारीत. आज त्याच आळीत कोणी मुलीचं नाव कमल ठेवणार नाही. म्हणजे नाव तेच, जागा तीच, फक्त पिढी बदलली. अर्थ बघावा तर रश्मी म्हणजेही किरण आणि किरण म्हणजेही किरण. अर्थाने आमच्या घरात आजवर काहीच ठरवलेलं नाही.

शेवटी मी ठरवलं की खरा न्यायाधीश म्हणजे वापर. ज्या मुलखात नाव घ्यायचं तिथे हाक मारायची आणि कोण वळतं ते बघायचं. आमचा सज्जा साहीच्या बरोबर मध्यावर आहे. सकाळी पूजा झाली की मी सज्जात उभी राहायची आणि एक नाव मोठ्याने पुकारायची.

'सरोज' म्हटल्यावर समोरच्या घरातून तोंडात दातवण धरलेले सरोजबाबू बाहेर आले, महसूल खात्यातून निवृत्त झालेले, गंजिफ्रॉकवर. सांगलीत हीच हाक मारली असती तर लाटणं घेतलेली बाई आली असती. 'सुमन'चंही तेच झालं. तिकडे बाई, इकडे धट्टाकट्टा तरुण, मोटरसायकल थांबवून 'काय काम आहे, माउसी' म्हणून विचारणारा. मी त्याला बळेच बटाटे आणायला पाठवलं. 'ज्योती' म्हटलं तेव्हा ज्योतिर्मयी नावाची शिक्षिका खिडकीत आली, आणि सायकलवरून चाललेले हवालदार ज्योतिप्रकाश खाली उतरून तक्रार काय आहे ते विचारत थेट वर आले. त्यांना चहा आणि छेनापोड, म्हणजे छेन्याचा भाजलेला गोड पदार्थ, द्यावं लागलं. छेनापोड संपल्यावर त्यांनी सल्ला दिला की बाळाचं नाव ज्योतिप्रकाश ठेवा. मुलगी झाली तर, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, तर ज्योती ठेवा, प्रकाश राहू द्या.

आमच्या शेजारी परमजीत आहेत. नवरा परमजीत सिंग, बायको परमजीत कौर, आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. मी त्यांच्या नावाने हाक मारली तर दोघंही आले. यात त्यांना काहीच नवल वाटत नाही. त्यांच्याकडे गुरूच्या ग्रंथाचं पान उघडतात, त्यातलं पहिलं अक्षर घेतात आणि त्या अक्षरावरून नाव निघतं. मुलगा की मुलगी हा प्रश्न नावापर्यंत येतच नाही. सरदारजी कठड्यावर रेलून म्हणाले, "बहेनजी, तुम्ही उगाच डोकं शिणवताय. नाव सगळ्यांचंच असतं. मागे सिंग लावला की पोरगा, कौर लावली की पोरगी. किस्सा खतम."

त्यांच्या बायकोने तेवढं जोडलं, की पोस्टमनने 'परमजीत' म्हटलं की यांची पत्रं मी फोडते आणि माझी हे फोडत नाहीत.

त्या संध्याकाळी मला सगळं लख्ख दिसलं, आणि हे मी एकटीने शोधून काढलं असं म्हणायला हरकत नाही. आपल्या देशात नाव बहुतेक दोघांचं असतं, ठरवतं ते शेपूट. पंजाब्यांचं सिंग आणि कौर, गुजरात्यांचं भाई आणि बेन, आमच्या ओडियांचं रंजन आणि रेखा, कुमार आणि कुमारी. मराठी माणसाच्या नावामागे बापाचं नाव लागतं. किरण मधुकर म्हटलं की बाप कळतो, किरण काही कळत नाही. म्हणूनच आपल्याकडे सगळा भार पहिल्या नावावर पडतो आणि मुलींच्या नावांना आकार-ईकार लावत बसावं लागतं. मला हवं होतं ते शेपटाशिवाय चालणारं नाव, सांगलीतही आणि कटकमध्येही.

ते मला नाही सापडलं. इतिश्रीला सापडलं. दुपारी दही-पखाळ, म्हणजे दही घातलेला पाणीभात, जेवताना ती भातातलं दही ढवळत थांबली आणि म्हणाली, "बोऊ, माणिक कसं आहे?"

इकडच्या लोकांना दही म्हटलं की माणिक आठवतेच. कांचीच्या लढाईला निघालेले जगन्नाथ आणि बलभद्र वाटेत तहानले, तेव्हा त्यांना दही पाजणारी गवळण ती माणिक. देवांकडे सुटे पैसे नव्हते म्हणून अंगठी देऊन गेले. शिवाय माणिकचंद्र नावाचे बाप्येही इथे आहेत. आणि सांगलीत तर आमच्या आळीच्या एका टोकाला माणिकराव आणि दुसऱ्या टोकाला माणिकताई. मी हात न धुताच सज्जात गेले आणि पोटातून हाक मारली, "माणिक!"

कोणीच आलं नाही. रश्मीबाबू आतून म्हणाले की साही आता तुझ्या हाकांना विटली आहे. एवढ्यात परमजीत कौरने खिडकीतून डोकं काढून काळजीने विचारलं, "कोण हरवलंय? पोरगा की पोरगी?"

परीक्षा पास झाली. एवढा आनंद मला बँकेच्या बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

आता विरोधी पक्ष. रश्मीबाबूंच्या थोरल्या बहिणी प्रीतिरेखा, ज्यांना सगळं घर अपा म्हणतं. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि बातमी तिथवर पोचायच्या आत इथे येतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या घरात चार पिढ्या पुरुष रंजन आहेत आणि बायका रेखा आहेत. उघड्या नावाने पोर फिरलं तर लोक म्हणतील की घरच्यांना पुढचं सुचलं नाही. "माणिक काय नुसतं? अंगात सदरा आणि खाली काही नाही."

मी म्हटलं, आजवर कुठल्या बाळाने खाली काही घातलंय. अपा दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्यांनी नाव मागे फिरवू नये म्हणून मी एक धोरणी पाऊल टाकलं, आणि तिथेच माझा पाय घसरला. एकविसाव्या दिवशी आमच्याकडे एकोइशिया होते, नाव ठेवायचा दिवस. त्याची निमंत्रणं मी आधीच छापायला टाकली. तारखेची जागा कोरी, नाव पक्कं. कागदावर आलं की विषय संपला, असा माझा बँकेतला अनुभव. छापखान्याचे मालक बिजयबाबू आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिका छापत आलेले. मी कागदावर स्वच्छ अक्षरात 'माणिक महापात्र' लिहून दिलं. गठ्ठा आला, कपाटात गेला.

चैत्रात इतिश्रीला मुलगी झाली. सावळी, डोकं भरून केस, आणि रडायला लागली की परमजीत दुकानातून विचारायला येणार असा आवाज. मी नर्सला सांगितलं, हिचं नाव माणिक. नर्सने नुसती मान हलवली. मी तिकडे बाळाच्या दिमतीला असताना रश्मीबाबूंनी घरी बसून सगळ्या निमंत्रणांवर तारीख घातली आणि धाडून दिली. वाचली एकही नाही, कारण नाव त्यांना पाठ होतं.

चार दिवसांनी नातवाबद्दल अभिनंदनाचे फोन सुरू झाले. कोणी बालेश्वरहून, कोणी पुरीहून. मामेसासऱ्यांनी चांदीची कंबरसाखळी पाठवली, एका जावेने हातभर रेशमी धोतर. मी उरलेलं निमंत्रण उघडून पाहिलं. तिथे ठळक अक्षरात होतं: माणिकरंजन महापात्र.

मी छापखान्यात गेले. बिजयबाबूंना अपराधी वाटायचं सोडाच, ते समाधानात होते. "घाईत अर्धं नाव लिहून दिलंत, भाउज. महापात्रांच्या घरचं मला माहीत नाही का? मी पूर्ण केलं. शेपटाचे पैसे लावले नाहीत." या माणसाला रागवायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. चाळीस वर्षांत त्याने नुसतं नाव कधी छापलेलंच नव्हतं.

नोंदणीच्या कचेरीत त्याचाच दुसरा अंक झाला. खिडकीतल्या गृहस्थांनी 'माणिक' लिहिलं आणि पेन वर धरून थांबले. पुढे काय, लता की माला? पुढे काही नाही, मी म्हणाले. ते म्हणाले, मग वाचणाऱ्याला कळणार कसं? मी त्यांना दाखवलं की मुलगा की मुलगी याला वेगळा रकाना आहे, नावाला वेगळा आहे, आणि एका रकान्याने दुसऱ्याचं काम करावं असा नियम नाही. मागच्या रांगेतल्या दोघांनी माझी बाजू घेतली, एकाने त्यांची घेतली आणि एका बाईने आपल्या किरण नावाच्या मुलाचं दुःख सांगितलं. गृहस्थांनी शेवटी पूर्णविराम दिला, पण पुढे बोटभर जागा सोडून. वेळ आली तर असावी म्हणून.

अपांना मात्र आयतं कोलीत मिळालं. "बघ, पत्रिकेत आपोआप मुलाचं नाव आलं. म्हणजे नाव होतंच मुलाचं. आता मुलगी झालीय तर सुचरिता ठेवू या. सुंदर आहे." साहीतल्या निम्म्या बायका अपांच्या बाजूने गेल्या. रश्मीबाबूही म्हणाले की एवढ्या लोकांना माणिकरंजन कळवलंय, आता नवीनच नाव ठेवलेलं बरं, निदान गोंधळ तरी संपेल. माझा मुलगा तन्मय नुसता बायकोकडे बघायचा. इतिश्री बाळाला पाजताना भिंतीकडे तोंड करून बसायची. मला खरंच वाईट वाटत होतं. शब्द मी दिला होता आणि तो मोडायला मीच पत्रिका छापून दिली होती.

एकोइशियाच्या दिवशी इतिश्रीचे वडील बनमाळीबाबू केंद्रापाड्याहून आले. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. रसबळी या दुधातल्या मिठाईची हंडी ठेवली आणि खिशातून आमची पत्रिका काढून हातात धरून बसले. आमच्या घरात त्या दिवशी दिव्यांची चाल आहे. तीन पणत्या लावायच्या, प्रत्येकीला एक नाव द्यायचं, सारखं तेल घालायचं, आणि जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. अपांनी पणत्या मांडल्या. पहिली सुचरिता, दुसरी माणिकरेखा. तिसरीला नुसतं माणिक म्हणायला त्या तयार झाल्या, पण वात जरा आखूड घेतली. ते मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं.

बनमाळीबाबूंनी घसा साफ करून विचारलं, "इति, मुलगी झाली तरी मुलाचं नाव कसं छापलं?"

मी माझं सिंग-कौर-भाई-बेनचं व्याख्यान सुरू करणार होते. इतिश्रीने माझ्या हातावर हात ठेवला.

"बापा, माझ्या वेळी कुठलं नाव ठरलं होतं?"

"ज्योतिरंजन," म्हातारा म्हणाला.

"मग ज्योती ठेवायचं होतं ना. रंजन काढून रेखा लावायची. एवढंच काम होतं."

बनमाळीबाबूंच्या हातातली पत्रिका खाली गेली. ते म्हणाले, "सुचलं नाही गं तेव्हा. तुझ्या एकविसाव्याला आम्ही दिवेही लावले नाहीत." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की आता लावला तर चालेल का. एक दिवा ज्योतीच्या नावाचा. आजपासून तिला त्याच नावाने हाक मारीन.

"नको बापा," इतिश्री म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दारापर्यंत ऐकू गेला. "इतिश्री नावाने मी शाळेत पहिली आले. त्याच नावाची पाटी माझ्या दवाखान्याच्या दारावर आहे. तुम्ही ते कशासाठी ठेवलं होतं ते तुमच्यापाशी. चौतीस वर्षं वापरलं, आता ते माझं आहे. दिवा लावायचा तर इतिश्रीच्या नावाने लावा."

मग ती उठली, बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि पहिल्या दोन पणत्या उचलून अपांच्या समोर ठेवल्या. तिसरी, आखूड वातीची, तिने लावली आणि म्हणाली, ही माणिक. अपांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बर्गीसारखं पाहिलं. त्यांनी मिटलं.

सूनबाईंबद्दल सासूने किती बोलावं याला रीत आहे, म्हणून एवढंच सांगते की त्या क्षणी माझी छाती पदरात मावत नव्हती. नावातलं मला सगळं कळतं असं मी समजत होते. नाव ठेवतं कोण आणि मोठं करतं कोण, हे मला त्या पोरीने दाखवलं.

बनमाळीबाबूंनी अपांसमोरची एक पणती मागून घेतली, इतिश्रीचं नाव घेऊन लावली आणि माणिकच्या शेजारी ठेवली. पंगती बसल्या, दालमा वाढला गेला, लोक पान खाऊन उठले. ते पणतीपासून हलले नाहीत. तिच्यातलं तेल खाली गेलं तसे ते इकडेतिकडे बघू लागले. मधे तेल घालायचं नाही, हा नियम अपांनीच आम्हाला शिकवलेला.

अपा उठल्या, स्वयंपाकघरातून तेलाची बुधली आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घाला. चौतीस वर्षांचं बाकी आहे."